साडेसातशे वॅटचा मिक्सर, वर्षभर रोज वापरल्यावर: मोटर, आवाज, भांडी आणि वॉरंटीचं गुऱ्हाळ

ओलं_खोबरं
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तपकीर गल्लीतून मिक्सर घेतला. साडेसातशे वॅट, तीन भांडी, वॉरंटी पूर्ण यंत्राला दोन वर्षं आणि मोटरला पाच. सध्या सर्व्हिस सेंटरशी वाद चालू आहे, त्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही. व्यनितूनही विचारू नका.

घरात आम्ही चौघं. रोज सकाळी दाण्याचं कूट नाहीतर ओलं खोबरं, आठवड्यातून एकदा इडली-डोशाचं वाटण, अधूनमधून गोडा मसाला आणि सुक्या खोबऱ्याची चटणी. म्हणजे फार छळ नाही, पण एक दिवस खाडाही नाही.

मोटरबद्दल पहिले आठ-नऊ महिने काही म्हणजे काही तक्रार नव्हती. भिजवलेले उडीद दोन वाट्या एका दमात लोण्यासारखे व्हायचे. आधीचा पाचशे वॅटचा मिक्सर हेच काम तीन हप्त्यांत करायचा. गोड्या मसाल्याला दगडफूल आणि तमालपत्र चिवट असतं, तेही नीट दळलं जायचं.

आवाज मात्र पहिल्या दिवसापासून मोठा. फोनवरच्या ॲपमध्ये हातभर अंतरावरून ८८ डेसिबल दाखवतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून "सकाळी सहाला काय खडी फोडता का?" असं विचारलं होतं. हल्ली तो आवाज आणखी वाढलाय, आणि त्यात एक खरखर आलीय.

भांडी जाड स्टीलची आहेत, कान मजबूत आहेत. चटणीचं छोटं भांडं तर फारच छान, चार लसूण पाकळ्या टाकल्या तरी नीट वाटतं. मोठ्या भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग सैल पडलीय आणि तिला लसणाचा वास कायमचा बसलाय, पण ते चालायचंच.

आता मुख्य दुखणं. गेल्या महिन्यापासून उडीद वाटताना मिक्सर मध्येच बंद पडतो. तळाचं लाल बटण दाबलं की पुन्हा चालू होतो. सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या माणसाने वरूनच बघितलं आणि सांगितलं, "मॅडम, मोटरमध्ये पाणी गेलंय, आर्मेचर गेलं. पाणी वॉरंटीत येत नाही. साडेबाराशे होतील." मी मिक्सर उचलून परत आणला. आर्मेचर खरंच गेलं असेल का? आणि पाच वर्षांच्या मोटर वॉरंटीला मग अर्थ काय?

पिंपळे_सौदागरी
साडेसातशे कमीच पडतो हो. आम्ही सरळ हजार वॅटचा घेतला, दोन वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही. वॅट जास्त म्हणजे मोटर दणकट, साधा हिशोब आहे. वीजबिल थोडं वाढतं, पण डोक्याला ताप नाही.

जाई_जुई
ताई, इडलीसाठी मिक्सर वापरूच नका. टेबलटॉप ग्राइंडर घ्या, दगडाचा. पीठ गरम होत नाही, फुगतंही छान. आम्ही दोन लिटरचा घेतलाय, धुवायला जरा जड जातो एवढंच. कोणता घ्यायचा ते ठरलं की सांगा, मी मॉडेल सुचवते.

ओलं_खोबरं
जाई_जुई, ग्राइंडर घ्यायचा नाहीये गं मला, आहे तो मिक्सर सुधारायचाय. :)

तारवाला
माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मिक्सर, ड्रिल, पाण्याचे पंप, सगळं हाताखालून गेलंय. ताई, आर्मेचर गेलेला मिक्सर लाल बटण दाबून पुन्हा सुरळीत चालत नाही. जळलेल्या आर्मेचरचा करपट वास येतो, आत कार्बनपाशी निळसर ठिणग्यांचं कडं दिसतं, आणि भांडं न लावताही मोटर अडखळते नाहीतर नुसती गुरगुरते. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काहीच नाही.

लाल बटण म्हणजे ओव्हरलोड. मोटरवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ताण आला की ते पुरवठा तोडतं. म्हणजे ते उडालं, तर त्याने आपलं काम चोख केलं. प्रश्न इतकाच, की ताण आला कुठून? पूर्वी दोन वाट्या उडीद वाटून व्हायचे आणि आता होत नाहीत, तर उडीद तेच, पाणी तेच, मोटर तीच. मग बदललं काय?

घरीच तीन गोष्टी करून बघा. आधी प्लग काढा.

पहिली: मोठं भांडं उलटं धरा आणि तळाचा काळा कपलर बोटांनी फिरवा. तो सहज फिरायला हवा. रबरी सीलमुळे किंचित घट्ट लागतो, तेवढं चालतं. पण करकर लागली किंवा एका जागी अडकला, तर रोग तिथे आहे. मग चटणीचं भांडं घेऊन तेच करा आणि दोन्हींची तुलना करा.

दुसरी: मोठ्या भांड्यात पात्याला मधोमध धरून आजूबाजूला हलवा. जपून, धार असते, फडकं गुंडाळा. केसभर खेळ असतोच, पण टकटक वाजलं तर बुश झिजलाय.

तिसरी: कोरडा टिश्यू घेऊन भांड्याच्या तळाशी कपलरभोवती पुसा. काळं, चिकट काही येतं का बघा.

मग प्लग लावून भांडं न ठेवता नुसती मोटर पाच-दहा सेकंद एक नंबरवर चालवा. आवाज ऐका आणि इथे लिहा. यंत्र उघडू मात्र नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं, की त्यांना आयतं निमित्त.

मुक्काम_धनकवडी
काका, वॅटचं काय मग? हजारवाला जास्त दणकट नाही का?

तारवाला
वॅटचा आकडा म्हणजे यंत्र भिंतीतून किती वीज ओढतं तो. पात्यापर्यंत त्यातली किती पोहोचते, ते मोटर कशी बांधलीय त्यावर. अशा कार्बनवाल्या मोटरमध्ये बरीच वीज उष्णता आणि पंख्याच्या वाऱ्यात जाते. हजारवाला मोठा घाणा ओढतो हे खरं, पिंपळे सौदागरी चुकीचं बोलत नाहीत. पण भांड्याचा बुश आवळला, तर हजारवालाही तेच करणार, फक्त जरा उशिरा. मध्ये कपलरचे दात खाऊन टाकेल ते वेगळंच.

वीजबिलाचं म्हणाल, तर साडेसातशेचा मिक्सर रोज दहा मिनिटं पूर्ण ताकदीने चालवला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. त्यावरून मिक्सर निवडू नका.

पिंपळे_सौदागरी
ठीक आहे, पण आमचा बंद पडला नाही हे तर खरं. आणि बॉक्सवर "शंभर टक्के कॉपर" लिहिलंय. ॲल्युमिनियम वाइंडिंगचे जळतात. लोहचुंबक लावून बघायचं म्हणतात, तो चिकटला तर खोटं.

तारवाला
चुंबक तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. वरून लावाल तर आतल्या लोखंडी पत्र्यांना चिकटेल, आणि तुम्ही उगाच दुकानदाराशी भांडाल. :)

कूटवाली_काकू
लाल बटणाचं आत्ता कळलं! आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा मुलाने "गेला" म्हणून नवीन आणला. जुना माळ्यावर पडलाय. आता उतरवून तळ बघते.

डबेवाली_वारजे
माझं ऐका जरा. मी घरून डबे देते, पंधरा-वीस. मिक्सर दोन वर्षांच्या आतच बिघडला. सर्व्हिसवाल्याने घरी येऊन ओट्यावरचे डबे बघितले आणि लिहून टाकलं, "व्यावसायिक वापर". वॉरंटी तिथेच संपली. कार्डावर बारीक अक्षरात "फक्त घरगुती वापरासाठी" असं छापलेलं असतंच. किती स्वयंपाक म्हणजे घरगुती आणि किती म्हणजे व्यावसायिक, हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या नणंदेच्या घरी अकरा माणसं जेवतात, तिचा मात्र घरगुती!

तारवाला
डबेवाली ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यांचंही एक आहे. घरगुती मिक्सर सलग चालवायला बनवलेला नसतो. यंत्राच्या तळाच्या पट्टीवर वाचा, बहुतेकांवर ३० मिनिटांचं रेटिंग असतं. सोबतच्या पुस्तकात त्याचा अर्थ दिलेला असतो: पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असं सहा वेळा, आणि मग पूर्ण गार होऊ द्या. वीस डब्यांचं वाटण सकाळी एका झपाट्यात काढलं, तर मोटर गार व्हायला वेळच मिळत नाही. डब्यांच्या कामाला दोन मिक्सर आलटून पालटून वापरणं परवडतं.

डबेवाली_वारजे
दोन मिक्सर ठेवायला ओटा कुठून आणू! पण ते थांबण्याचं पटलं. उद्यापासून खोबरं झालं की मध्ये कणीक मळीन.

झोपमोड
आवाजाबद्दल कोणी बोलेल का? लेक सात महिन्यांची आहे. मिक्सर लागला की दचकून उठते. आम्ही मिक्सरखाली जाड टर्किश टॉवेलची घडी ठेवतो, आवाज बराच कमी होतो. ओलं_खोबरं, तुम्हीही करून बघा, खालच्या काकू खूश होतील.

तारवाला
टॉवेल आजच काढा. बहुतेक मिक्सर तळाच्या फटींतून गार हवा ओढतात. टॉवेलमुळे त्या बंद होतात, मोटर आतल्या आत तापते. आवाज कमी झाला की बरं वाटतं, पण त्याची किंमत वाइंडिंग मोजतं.

आवाज दोन प्रकारचा असतो. एक मोटरचा आणि पात्याचा, हवेतून येणारा. मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, तो आवाज फारसा कमी होत नाही. दुसरा ओट्यातून जाणारा थरथराट. खालच्या मजल्यावर जातो तो हाच. त्यासाठी रबरी पाय बघा. चारही आहेत का, टणक झालेत का, खाली पीठ-तेलाचा थर बसलाय का. कोमट पाण्याने पुसून घ्या. तरी भागलं नाही तर योगा मॅटचे चार चौकोनी तुकडे कापून फक्त पायांखाली ठेवा, मधली जागा मोकळी. आणि मिक्सर भिंतीच्या टाइलपासून वीतभर पुढे ओढा.

झोपमोड
टॉवेल काढला. योगा मॅट बायकोची आहे, तुकडे करायची परवानगी मिळायला वेळ लागेल.

सदाशिव_दुसरा
डेसिबलच्या ॲपवर फार विश्वास ठेवू नये. माझ्या आणि मुलाच्या फोनवर एकाच वेळी वेगळे आकडे आले. आणि सकाळी सहाला मिक्सर लावणं हा तांत्रिक नसून सामाजिक प्रश्न आहे. रात्रीच वाटून फ्रीजमध्ये ठेवावं.

तारवाला
आकडा खरा नसला तरी एकाच फोनने, एकाच जागेवरून, महिन्याच्या अंतराने मोजलं तर वाढलाय का ते कळतं. तेवढाच उपयोग.

ओलं_खोबरं
तारवाला काका, सगळं केलं. लिहिते.

चटणीच्या भांड्याचा कपलर बोटाने ढकलला तरी फिरतो. मोठ्या भांड्याचा फिरवायला दोन बोटं आणि जोर लागला, मध्ये एका ठिकाणी करकरतो आणि अडतो. आज सकाळी रात्रभर पालथं घातलेलं भांडं घेतलं तेव्हा तर पहिल्यांदा हललाच नाही, मग कट् करून सुटला. पातं हलवल्यावर टकटक स्पष्ट ऐकू येते. टिश्यूवर काळपट तपकिरी, ग्रीससारखं आलं, आणि त्याला चक्क चिंचेचा वास होता!

भांडं न ठेवता मोटर चालवली. अगदी गुळगुळीत आवाज, नवीन होता तसाच. वास नाही, ठिणगी दिसली नाही. चटणीचं भांडं लावून दाणे फिरवले, खरखर नाही. मोठं लावलं की खरखर हजर.

तारवाला
मग मोटर ठणठणीत आहे. तुमचं मोठं भांडं आजारी आहे.

काय झालं असणार ते सांगतो. पात्याचा दांडा भांड्याच्या तळातून एका पितळी बुशमधून खाली येतो. वरच्या बाजूला रबरी सील असतं, वाटणाचं पाणी बुशमध्ये उतरू नये म्हणून. हे सील झिजलं की मीठ, चिंच, टोमॅटो असलं पाणी आत झिरपतं. बुशमधलं वंगण धुऊन जातं, दांड्याला गंज धरतो, रात्रभरात सगळं सुकून आवळतं. सकाळी जो कट् आवाज आला, तो त्याचाच. आता मोटरला उडीदही वाटायचेत आणि हा आवळलेला दांडाही ओढायचाय. ओव्हरलोड उडणार नाही तर काय होणार?

यात दुसरा धोका आहे. झिरपलेलं पाणी कपलरवर आणि तिथून मिक्सरच्या वरच्या खोबणीत पडतं. पुष्कळ मॉडेलना ते बाहेर जायला मागच्या बाजूला वाट असते, पण सगळं जात नाही. सर्व्हिसवाल्याला खोबणीत पांढरट डाग दिसले असतील आणि त्याने "पाणी गेलं" म्हटलं असेल. खोबणीतला डाग वेगळा आणि मोटरमधलं पाणी वेगळं. मोटरमध्ये खरंच गेलं, तर शाफ्टवर गंज आणि वाइंडिंगवर पांढरे ओघळ दिसतात. त्याने न उघडता आर्मेचर गेल्याचं सांगितलं असेल, तर तो अंदाज होता.

कूटवाली_काकू
मग त्या बुशमध्ये खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले तर? आमच्याकडे शिलाई मशीनचं तेलही आहे.

तारवाला
काकू, शिलाई मशीनचं तेल खाण्याच्या भांड्यात नको. खोबरेल टाकलं तर दोन-चार दिवस सुटल्यासारखं वाटेल, पण सील तसंच आहे, पाणी पुन्हा जाणार. शिवाय थंडीत खोबरेल गोठतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बुश, सील आणि पात्याचा दांडा, तिन्ही एकदम बदलायचं. नुसतं पातं बदललं तर नव्या दांड्याला जुना बुश खाऊन टाकतो.

अभियंता_हडपसर
सील एवढ्या लवकर झिजायचं कारण धुण्याची पद्धत असते. वाटण झाल्यावर भांडं पाणी भरून सिंकमध्ये तासन् तास ठेवतात, तेच वाईट. आमच्याकडे लगेच पाणी आणि साबणाचा थेंब घालून अर्धी मिनिट फिरवतो आणि पालथं घालतो. डिशवॉशरमध्ये तर अजिबात टाकू नका.

तारवाला
पाणी भरून ठेवू नये, बरोबर. गरम पाणी आणि डिशवॉशरची पावडर रबरालाही वाईट आणि बुशच्या वंगणालाही. पण फिरवून धुताना तीन नंबरवर नको. नुसतं पाणी असलं की पातं मोकाट पळतं आणि फेस झाकणातून बाहेर, तोही त्याच खोबणीत. एक नंबर पुरे.

आणि हा सगळा दोष वापरणाऱ्याचा नसतो. रोज चिंच-टोमॅटो वाटणाऱ्या घरात सील लवकर जातं, काही सीलच हलकी असतात. वर्षभरात जावं का? माझ्या मते नाही. पण कंपनीचा माणूस याला झीज म्हणेल आणि मी दोष म्हणेन. आमच्या दुकानात या वादाचा निकाल कधी लागला नाही.

मुक्काम_धनकवडी
एक विचारू? उडीद वाटताना मिक्सरचा आवाज कधी एकदम चढतो, कधी बसतो. कोणता वाईट?

तारवाला
चांगला प्रश्न. आवाज बसला, जाड झाला, तर मोटर ओढतेय, तिच्यावर लोड आहे. लगेच बंद करा, चमच्याने हलवा, दोन चमचे गार पाणी घाला. आवाज एकदम चढून शिट्टीसारखा झाला, तर पात्याभोवती पोकळी झालीय, पातं नुसतं हवेत फिरतंय आणि वाटण कडेला चिकटलंय. मोटरला त्याचा त्रास नाही, पण वाटण होत नाही आणि लोक वैतागून सरळ तीन नंबरला नेतात. बंद करून कडेचं खाली ओढायचं, एवढंच. सुरुवात नेहमी एक नंबरवर. मोठं भांडं ओल्या वाटणाला दोन तृतीयांशच्या वर भरायचं नाही, सुक्याला निम्म्याच्या वर नाही. आणि हळकुंड अख्खं टाकायचं नाही, कोणाचाही मिक्सर असो. ते आधी खलबत्त्यात फोडा.

ओलं_खोबरं
आता वॉरंटीचं. कार्ड काढून वाचलं. मोटरला पाच वर्षं म्हणजे फक्त मोटर, बाकी सगळ्याला दोन. दोन वर्षांत न येणाऱ्या गोष्टींची यादी अशी: प्लॅस्टिकचे भाग, रबरी रिंग, कपलर, कार्बन, आणि चुकीच्या वापराने झालेलं नुकसान. बुश किंवा पात्याचा सेट यादीत कुठेच नाही! सील रबरी आहे, ते यादीत जाईल. पण बुशचं काय?

नियमावली
मी वकील नाही, पण सोसायटीची पत्रं लिहून हात बसलाय. तीन गोष्टी करा. एक, सर्व्हिस सेंटरला मिक्सर पुन्हा देताना जॉबशीट घ्याच आणि त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "मोठ्या भांड्याचा बुश आवळतो, पातं हलतं, नुसती मोटर व्यवस्थित चालते." तोंडी सांगाल तर ते "मिक्सर बंद पडतो" एवढंच लिहितात. दोन, नाकारलं तर कोणत्या अटीखाली नाकारलं ते लेखी मागा. तीन, कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, सोबत बिल, यंत्राचा सिरियल नंबर आणि कपलर फिरवतानाचा छोटा व्हिडिओ.

तरीही हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते, निकाल देत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आता राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पुण्यातच. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर फी नाही. साडेबाराशेसाठी तिथवर जावं का, ते तुम्ही ठरवा.

सदाशिव_दुसरा
साडेबाराशेसाठीच जावं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पिंपळे_सौदागरी
तेवढ्या वेळात नवीन मिक्सर येईल हो.

जाई_जुई
किंवा ग्राइंडर. :D

ओलं_खोबरं
अपडेट. नियमावलींनी सांगितलं तसंच केलं. या वेळी दुसऱ्या शाखेत नेला. काउंटरवरची मुलगी आधी म्हणाली, "भांड्याला वॉरंटी नसते." कार्ड पुढे ठेवलं आणि यादीत भांडं कुठे आहे ते दाखवा म्हटलं. आत गेली, मेकॅनिकला घेऊन आली. त्याने भांडं हातात घेतलं, कपलर फिरवला आणि तिथेच म्हणाला, "बुश जाम आहे." मोटर उघडलीच नाही, नुसती चालवून बघितली.

पात्याचा सेट बुशसकट मोफत बदलला, सीलचे आणि कपलरचे मिळून एकशे ऐंशी घेतले. कपलरचे दात खरंच गोल झाले होते, काकांनी म्हटलं होतं तसेच. घरी येऊन दोन वाट्या उडीद घातले. एका दमात, बटण उडालं नाही. खरखर गेली. मूळचा आवाज आहे तेवढाच आहे, काकूंना कळवलंय.

एकच गोष्ट राहिली. जॉबशीटवर "मोटर व्यवस्थित" असं लिहून द्या म्हटलं, तर "आमच्याकडे तसा रकाना नाही" म्हणाले. पहिल्या शाखेच्या कागदावर मात्र "मोटरमध्ये पाणी" हे तसंच आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोटर खरंच गेली, तर तो कागद पुढे करतील का?

नियमावली
करू शकतात. आजच्याच तारखेला ईमेल करा: अमुक तारखेला मेकॅनिकने मोटर चालवून बघितली, दोष फक्त भांड्यात सापडला, यापेक्षा वेगळी नोंद असेल तर कळवा. उत्तर आलं नाही तरी ईमेल तुमच्याकडे राहतो. त्याला किती वजन मिळेल, ते सांगता येणार नाही.

तारवाला
जुना पात्याचा सेट परत घेतलात का? घ्यायला हवा होता. दांड्यावरचा गंज हाच तुमचा पुरावा.

ओलं_खोबरं
मागितला, त्यांनी जमा करून घेतला. फोटो मात्र काढलाय, गंज दिसतो.

कूटवाली_काकू
माळ्यावरचा मिक्सर उतरवला. बटण दाबलं. चालू झाला!! मुलाला अजून सांगितलं नाहीये. पण तारवाला, भांडं लावलं की मोटर फिरते आणि पातं जागचं हलत नाही. हे काय आता?

तारवाला
काकू, भांडं उलटं धरा आणि कपलर फिरवून बघा. पातं सोबत फिरतंय का?